वाढलेले टॉन्सिल व ॲडेनॉइड आणि मुलांची अस्वस्थ झोप

घशाच्या दोन्ही बाजूंना दिसणारे टॉन्सिल आणि नाकाच्या मागे, टाळूच्या वर दडलेले ॲडेनॉइड या एकाच जातीच्या गाठी आहेत. साधारण तीन ते सात या वयात त्या घशातल्या जागेच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात. पुढे त्या हळूहळू आक्रसतात. मूल जागे असते तेव्हा घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात, आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी चेपते. त्यातून घोरणे, मध्येच श्वास अडणे आणि रात्रभर तळमळणे सुरू होते.

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत हे सांगताना भाषेचा एक घोळ होतो. टॉन्सिलला गुजरातीत ‘काकडा’ म्हणतात, आणि मराठी आजीला काकडा म्हटले की आरतीच आठवते. पण खरी अडचण ‘घोरणे’ या शब्दाची आहे. गुजरातीत ‘घोरे छे’ म्हणजे गाढ झोपतो, असाही अर्थ होतो. ऐकणाऱ्या गुजराती माणसाला मूल छान झोपते असे वाटू शकते. तिथे ‘नसकोरां बोलावे छे’ असे सांगावे, आणि आठवड्यातून किती रात्री तेही सांगावे. सर्दी नसताना आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री घोरणाऱ्या मुलाची तपासणी व्हायला हवी.

निर्णय कसा होतो हे समजण्यासाठी दांडिया बाजारातल्या एका पाच वर्षांच्या मुलाचे कल्पित, पण दवाखान्यात नेहमी दिसणारे उदाहरण घेऊ. तो रोज घोरतो. मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून झोपतो, उशीवर डोके ठरत नाही. उत्तरायणाच्या थंडीतही गंजी घामाने भिजते. वर्षभर थांबलेले अंथरुण ओले करणे पुन्हा सुरू झाले आहे. बालवाडीत तो पेंगत नाही, उलट एका जागी बसत नाही. मोठी माणसे अपुऱ्या झोपेने सुस्तावतात, लहान मुले बरेचदा चिडचिडी आणि चंचल होतात, म्हणून कुणाला झोपेची शंका येत नाही. दात खातो म्हणून घरच्यांनी जंताचे औषध दोनदा देऊन झाले आहे.

डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडतो तो फोनवर काढलेला व्हिडिओ. तो झोप लागल्या लागल्या काढू नये. स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते, तेव्हा स्नायू सर्वाधिक सैल असतात, म्हणून चार-पाचच्या सुमारास अंगावरचे पांघरूण काढून छाती आणि पोट दिसेल असा दोन मिनिटांचा घ्यावा. या मुलाच्या व्हिडिओत घोरण्याचा आवाज अचानक थांबतो. पोट फुगते, छाती आत ओढली जाते, म्हणजे धडपड चालू आहे पण हवा जात नाही. सात-आठ सेकंदांनी तो दचकून मोठा श्वास घेतो आणि कूस बदलतो. घरच्यांना वाटते ती ‘शांत’ घटका हीच खरी वाईट घटका असते.

तपासताना त्याचे टॉन्सिल मध्यम निघतात, मधली निम्मी जागाही व्यापत नाहीत. इथे अनेक पालक निश्चिंत होतात, आणि ते चुकीचे आहे. टॉन्सिलचा आकार आणि त्रासाची तीव्रता यांचा मेळ फार कमी बसतो. तोंड उघडून ॲडेनॉइड तर दिसतच नाहीत. त्यासाठी मानेचा बाजूने एक्स-रे किंवा नाकातून बारीक दुर्बीण लागते. याउलट, मोठे टॉन्सिल असूनही शांत झोपणाऱ्या मुलाचे केवळ आकारावरून ऑपरेशन करू नये.

व्हिडिओत श्वास अडताना दिसतो आणि टॉन्सिल मात्र मध्यम, असा विसंवाद असला की रात्रभराची स्लीप स्टडी करावी. दोन वर्षांखालील, लठ्ठ, डाउन सिंड्रोम असलेल्या किंवा चेहऱ्याच्या हाडांचे जन्मजात दोष किंवा स्नायू-मज्जातंतूंचे आजार असलेल्या मुलांत तर ऑपरेशनपूर्वी ती करावीच. तिच्यात तासाला किती वेळा श्वास अडला किंवा अपुरा पडला, तो आकडा मिळतो. या मुलाचा आकडा 7 येतो. मोठ्यांच्या मोजपट्टीवर 7 म्हणजे सौम्य. मुलांत मात्र 1 च्या वर गेला की बिघाड आणि 5 ते 10 म्हणजे मध्यम. श्वास अडला हे धरायला मोठ्यांत दहा सेकंद लागतात, मुलांत दोन श्वासांइतका वेळ पुरतो. रिपोर्टखाली ‘माइल्ड’ लिहिले असेल तर कोणते निकष लावले हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

थांबून पाहणे हाही उपचार आहे. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच ते नऊ वर्षांची 464 मुले होती. लवकर ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्क्यांची स्लीप स्टडी सात महिन्यांत सुधारून सामान्य झाली, पण नुसती वाट पाहिलेल्यांपैकीही 46 टक्क्यांची झाली. वागणूक, लक्षणे आणि रोजचे जगणे ऑपरेशननंतर अधिक सुधारले. एकाग्रतेच्या चाचणीतल्या गुणांत मात्र ठळक फरक पडला नाही. म्हणून ‘अभ्यासात हुशार होईल’ या आशेने ऑपरेशन करणे बरोबर नाही.

सौम्य त्रासात सहा आठवडे नाकात मिठाच्या पाण्याचा किंवा स्टेरॉइडचा फवारा देऊन पाहतात, आणि कित्येक मुलांना तेवढ्यानेच आराम पडतो. माँटेलुकास्ट गोळी दिली असेल तर मूल विनाकारण रागावते का, घाबरते का, भयाण स्वप्ने पाहते का, यावर लक्ष हवे. तशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. या मुलाचे फवाऱ्याने दिवसा नाक मोकळे होते, पण पहाटेचे अडणे तसेच राहते. आकडा मध्यम, अंथरुण ओले, वागण्यावर परिणाम: अशा वेळी टॉन्सिल आणि ॲडेनॉइड दोन्ही काढण्याकडे कल झुकतो.

त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पडजीभ टोकाला दुभंगलेली असेल तर आत लपलेली टाळूची फट असू शकते, आणि ॲडेनॉइड पूर्ण काढल्यावर बोलणे नाकातून येऊ लागते. कानात पाणी साठले आहे का हेही त्याच वेळी तपासावे, कारण ते काम त्याच भुलीत उरकता येते.

ऑपरेशननंतर घशात पांढरी साय धरते. तो पू नसतो. दुखणे सात ते दहा दिवस राहते, आणि दुखते म्हणून पाणी न पिणे हे परत दवाखान्यात यावे लागण्याचे मोठे कारण आहे, तेव्हा वेदनाशामक वेळेवर द्यावे आणि घोट घोट पाजत राहावे. कोडीन मुलाला देऊ नये. काही मुलांच्या शरीरात त्याचे मॉर्फिन अतिवेगाने होते आणि श्वास मंदावतो. पाचव्या ते दहाव्या दिवशी खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकते. लाल ताजे रक्त थुंकले, किंवा मूल सारखे आवंढे गिळू लागले, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावे.

दीड-दोन महिन्यांनी पहाटेचा व्हिडिओ पुन्हा काढावा. लठ्ठ मुलांत आणि आधीचा आकडा फार मोठा असलेल्यांत त्रास उरण्याची शक्यता जास्त. तळमळ उरली पण घोरणे गेले, तर फेरिटिन तपासून लोहाची कमतरता पाहावी. पाय सतत हलवणाऱ्या मुलाची झोप तिच्यामुळेही मोडते. या मुलाच्या दुसऱ्या व्हिडिओत तोंड मिटलेले आहे आणि छाती-पोट एका लयीत वर-खाली होत आहेत.