आरटी फीड: साठ प्रति तास लिहिलं, पोटात किती गेलं?

पुण्यातल्या कुठल्याही आयसीयूत सिस्टरांना विचारलं की पेशंटला काय चालू आहे, तर उत्तर येतं, “आरटी फीड साठने.” म्हणजे तासाला साठ मिली. आरटी म्हणजे रायल्स ट्यूब, नाकातून जठरात जाणारी नळी. जॉन रायल या इंग्रज डॉक्टरांच्या नावाची ही नळी साधारण १९२१ची. रायल यांनी ती जेवण आत घालण्यासाठी केली नव्हती, जठरातला रस ठरावीक वेळाने थोडाथोडा बाहेर काढून तपासण्यासाठी केली होती. शंभर वर्षांनी आपण तिच्यातून जेवण देतो, आणि ‘किती परत आलं’ हे बघण्याची सवय मात्र नळीसोबत राहिली आहे.

नळीने जेवण देणं त्याहून जुनं. १७९०च्या सुमारास लंडनचे सर्जन जॉन हंटर यांनी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्टीवर ईल माशाची कातडी चढवून नळी केली आणि गिळता न येणाऱ्या रुग्णाला तिच्यातून दूध-अंडी असले पदार्थ दिले. आपल्याकडेही तयार पावडरी रुळण्याआधी किचन फीड असायचं. डाळीचं पाणी, दूध-साखर, अंडं, सगळं मिक्सरमधून काढून गाळून ५० मिलीच्या सिरिंजने दर दोन तासांनी. तेव्हा हिशेब सोपा होता, कारण एक फीड दिलं की चार्टवर एक आकडा पडायचा. दिलं नाही तर रकाना रिकामा. तो रिकामा रकाना म्हणजे ‘दिलं नाही’ की ‘लिहायचं राहिलं’, हा वाद मात्र तेव्हापासूनचा आहे.

पंप आला आणि फीड तासाच्या वेगाने चालू लागलं. चार्ट तोच राहिला, इनटेक-आउटपुटचा. त्या चार्टचं मूळ काम पाण्याचा ताळा ठेवायचं: सलाइन किती गेलं, लघवी किती झाली. फीड त्यात इनटेकचा एक आकडा म्हणून बसलं. पाण्याच्या हिशेबात दोनशे मिली कमी-जास्त झालं तर सलाइनने भरून निघतं, त्यामुळे फीड केव्हा थांबलं आणि का थांबलं याला तिथे जागाच नव्हती. आज नोंदींवरून फीडचा तक्ता बनवायला बसलं की पहिली अडचण हीच येते. एका कामासाठी लिहिलेल्या नोंदींतून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर काढायचं असतं: जेवढं हवं होतं त्यातलं पोटात किती गेलं?

तो प्रश्न आकड्यांत मांडला १९९९मध्ये मॅक्लेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आयसीयूतले ४४ रुग्ण त्यांनी पाहिले. डॉक्टरांनी ऑर्डरच गरजेच्या सुमारे ६६ टक्के दिली होती, आणि त्यातलंही सुमारे ७८ टक्केच प्रत्यक्ष गेलं. म्हणजे गरजेच्या जेमतेम अर्धं. फीड थांबवण्याच्या कारणांपैकी सुमारे दोन तृतीयांश टाळता आली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला या अभ्यासातली सर्वांत कामाची गोष्ट वाटते ती ही की तूट दोन ठिकाणी पडते. एक ऑर्डर लिहिताना आणि दुसरी ऑर्डर पाळताना. तक्त्यात गरज, ऑर्डर आणि दिलेलं असे तीन वेगळे आकडे हवेत ते यासाठी. एकच टक्केवारी काढली तर दोष कुठे आहे ते कळत नाही, आणि मग तो बहुतेक वेळा सिस्टरांच्या माथी जातो.

एक दिवस उलगडून पाहू. दोन-तीन रुग्णांच्या नोंदी जोडून तो बेतला आहे. वजन ५८ किलो, व्हेंटिलेटरवर, दर मिलीला एक किलोकॅलरी देणारं फीड. किलोमागे २५च्या हिशेबाने गरज १४५०. ऑर्डर तासाला ६० मिली, म्हणजे दिवसाला १४४०. इथे ऑर्डर पुरेशी आहे. नोंदींत काय सापडतं ते पाहा. सकाळी आठला “फीड ६०ने चालू”. सव्वादहाला “सीटीसाठी फीड होल्ड”. अकरा-चाळीसला “पेशंट परत आला”. त्यानंतर थेट एक वाजता “फीड ६०ने चालू आहे”. संध्याकाळी पाचला “अ‍ॅस्पिरेट २८०, फीड होल्ड”, म्हणजे नळीतून ओढल्यावर जठरातलं २८० मिली परत आलं. सातला “३०ने सुरू”. रात्री दहाला “६० केलं”. बाराला “सकाळी ट्रेकिऑस्टॉमी, एनबीएम”, म्हणजे सकाळी गळ्यातून श्वासनळीत ट्यूब बसवायची आहे, तोवर पोटात काही द्यायचं नाही. आणि तिन्ही शिफ्टच्या शेवटी एकच वाक्य, “फीड टॉलरेट करतोय”, म्हणजे फीड सोसतंय.

शिफ्टच्या बेरजेत सकाळच्या पाळीने ३६० लिहिलं आहे. सहा तास गुणिले साठ. मधे पेशंट खाली सीटीला जाऊन आला, लिफ्टची वाट पाहिली, याचा त्या आकड्याला पत्ता नाही. यात कुणी खोटं लिहिलेलं नाही. दोन वाजता हँडओव्हर देताना वेग आठवतो आणि गुणाकार होतो. संध्याकाळचे २१० आणि रात्रीचे १८० बरोबर आहेत. एकूण ७५०.

आता तक्ता. बेरजा बाजूला ठेवायच्या आणि फक्त घटना घ्यायच्या: किती वाजता काय बदललं, आणि तिथून पुढे वेग किती. प्रत्येक ओळ पुढच्या ओळीपर्यंत चालते.

| पासून | पर्यंत | वेग (मिली/तास) | गेलं (मिली) | कारण |
|---|---|---|---|---|
| ८:०० | १०:१५ | ६० | १३५ | |
| १०:१५ | ११:४० | ० | ० | सीटी |
| ११:४० | १:०० | माहीत नाही | ० ते ८० | नोंद नाही |
| १:०० | ५:०० | ६० | २४० | |
| ५:०० | ७:०० | ० | ० | अ‍ॅस्पिरेट २८० |
| ७:०० | १०:०० | ३० | ९० | |
| १०:०० | १२:०० | ६० | १२० | |
| १२:०० | ८:०० | ० | ० | एनबीएम, ट्रेकिऑस्टॉमी |

बेरीज ५८५ ते ६६५. तिसऱ्या ओळीत मोह होतो की पेशंट परत आला म्हणजे फीड सुरू झालंच असेल. तसं धरायचं नाही. ‘माहीत नाही’ हा तक्त्यातला खरा आकडा आहे आणि तो तसाच दिसला पाहिजे. पंपावरचा एकूण आकडा सकाळी आठला शून्य केलेला असेल तर मात्र मदत होते. या दिवशी पंप ६४० दाखवत होता. ५८५ वजा केले की ५५ मिली उरतात, म्हणजे साठच्या वेगाने पंचावन्न मिनिटं. फीड साधारण बारा-पाचला सुरू झालं असावं. पंपाच्या मापात थोडा फरक असतोच, त्यामुळे ही वेळ ठाम नाही, तक्त्यात ‘पंपावरून अंदाज’ असं लिहून टाकायची. पंप फक्त चाक किती फिरलं ते मोजतो. नळीचा जोड निसटून फीड चादरीवर गेलं तरी पंपाला ते पोटात गेल्यासारखंच असतं. आणि औषधांनंतर सिरिंजने दिलेलं फ्लशचं पाणी या बेरजेत कधीच धरायचं नाही. ते इनटेकमध्ये जातं, फीडमध्ये नाही.

६४० म्हणजे ऑर्डरच्या ४४ टक्के. न गेलेल्या ८०० मिलींचा हिशेबही पुरा लागतो. सीटी आणि परत आल्यावरचा उशीर मिळून ११०, अ‍ॅस्पिरेटमुळे दोन तास बंद १२०, नंतर तीन तास अर्ध्या वेगाने ९०, आणि रात्रीचा उपास ४८०. राउंडमध्ये चर्चा झाली होती ती अ‍ॅस्पिरेटची. ८००पैकी ४८० मात्र अशा ओळीत बुडाले होते जिच्यावर कुणी एक शब्द बोललं नाही.

अ‍ॅस्पिरेटच्या रकान्याचा इतिहास मजेशीर आहे. दीडशे-दोनशे मिली परत आलं की फीड थांबवायचं, हा नियम कितीतरी वर्षं पाठ केला गेला. २००९च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की दुसरी लक्षणं नसतील तर ५००च्या आत फीड थांबवू नये. २०१३मध्ये फ्रान्समधल्या रेनिए यांच्या चाचणीत ४४९ रुग्णांपैकी निम्म्यांचं अ‍ॅस्पिरेट मोजलंच नाही, आणि व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया दोन्ही गटांत सारखाच, १६-१७ टक्क्यांच्या आसपास निघाला. २०१६च्या सूचनांनी तर रोज नेमाने मोजूच नका असं सुचवलं. आपल्या रुग्णाचं फीड २८०ला थांबलं ते जुन्या नियमाने. तक्त्यात नुसतं २८० लिहून हे दिसत नाही. त्यासोबत उलटी, पोटाचा फुगवटा, शौच आणि काढलेलं परत घातलं की टाकलं, हे वेळेसकट हवं. टाकलेले २८० फीडच्या बेरजेतून वजा करायचे नाहीत, कारण त्यात जठराचा रसही असतो. ते आउटपुटमध्ये वेगळे लिहायचे. आणि “टॉलरेट करतोय” या वाक्यावरून सहनशीलतेचा रकाना भरायचा नाही. फीड बंद असलेल्या रात्रीच्या पाळीतही ते वाक्य होतंच की!

वेगाऐवजी दिवसाचा एकूण आकडा ठरवायचा, ही कल्पना २०१०मध्ये कॅनडातल्या हेलँड यांच्या गटाने मांडली. थांबलेलं फीड सिस्टरांनी उरलेल्या तासांत वेग वाढवून भरून काढायचं. आपल्या रुग्णाला बारा-पाचला १३०५ मिली जायचे होते आणि जवळपास वीस तास हातात होते. वेग ६०चा ६५-६६ केला असता तर सीटीची तूट भरून निघाली असती. रात्री बाराच्या उपासापुढे मात्र या युक्तीचं काही चालत नाही, कारण भरून काढायला तासच उरत नाहीत.

तक्ता बनवणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ८० टक्क्यांच्या खालचा प्रत्येक दिवस लाल रंगवायची हौस अनेकांना असते. २०१२च्या ईडन चाचणीत फुप्फुसांना गंभीर इजा झालेल्या हजार रुग्णांपैकी निम्म्यांना पहिले सहा दिवस मुद्दाम अगदी थोडं फीड दिलं होतं, आणि व्हेंटिलेटरशिवायचे दिवस दोन्ही गटांत सारखेच आले. डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात विचार करून २०ची ऑर्डर लिहिली असेल, तर ऑर्डरच्या तुलनेत तो दिवस पूर्ण आहे. फक्त गरजेचा आकडा धरून त्याला लाल करणं चूक.

राहिला उपास. पोटातलं श्वासमार्गात जाण्याची भीती १९४६मध्ये मेंडेल्सन यांनी भुलीखालच्या बाळंतिणींच्या नोंदींवरून मांडली, आणि ‘रात्री बारानंतर काही नको’ हा रिवाज पुढे सगळीकडे घट्ट बसला. ट्रेकिऑस्टॉमीत श्वासनळीतली ट्यूब हलते, तेव्हा काही तास फीड थांबवणं समजण्यासारखं आहे. पण थिएटरची वेळ कोणती होती? या रुग्णाची ट्रेकिऑस्टॉमी अकराला झाली आणि फीड दुपारी दोनला सुरू झालं. म्हणजे सलग १४ तास बंद. आठ वाजता चार्टचा कागद बदलतो, त्यामुळे एका कागदावर आठ तास दिसतात, दुसऱ्यावर सहा, आणि चौदा कुठेच दिसत नाहीत. आम्ही आता नव्या दिवसाची पहिली ओळ आठपासून कोरी सुरू करत नाही. तिथे लिहितो: “बंद, काल रात्री १२ पासून, शस्त्रक्रिया ११ला, पुन्हा कधी सुरू करायचं ते भूलतज्ज्ञांना विचारायचं.”