शेगडी तीच, जेट वेगळं

गेल्या वर्षी ठाण्याहून आमची जुनी तीन बर्नरची शेगडी संगमेश्वरजवळच्या गावी आत्याकडे पाठवली. इथे पाइपचा गॅस आल्याला बरीच वर्षं झाली होती आणि आम्ही नवी शेगडी घेतली होती. शेगडी चांगली होती, आत्याकडे सिलिंडर होता, म्हणून रबरी नळी जोडून तिने ती सुरू केली. आठवड्याने तिचा फोन आला. "अरे, शहरातली शेगडी भारी पेटते हो! दूध दोन मिनिटांत वर येतं." ती खूश होती. मग सहज म्हणून पुढे म्हणाली, "भांडी तेवढी काळी पडतात. आणि स्वयंपाकघरात डोळे चुरचुरतात." शेवटची दोन वाक्यं ऐकली आणि मी तिला शेगडी लगेच बंद करायला सांगितलं. शेगडीत बिघाड काहीच नव्हता. फक्त तिच्या जेटची भोकं पाइपच्या गॅससाठी मोठी केलेली होती आणि त्यातून आता सिलिंडरचा गॅस येत होता.

जेट म्हणजे बर्नरच्या खाली, कॉकच्या टोकाला बसवलेला पितळी तुकडा. काही मेकॅनिक त्याला नोझल म्हणतात. त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं. बर्नरमध्ये जास्तीत जास्त किती गॅस जाणार, हे ते भोक ठरवतं. नॉब त्यातला किती कमी करायचा एवढंच ठरवतो. आणि ते भोक किती मोठं असावं हे ठरतं गॅसवरून.

सिलिंडरमध्ये असतो प्रोपेन आणि ब्युटेन यांचा मिश्र गॅस, ज्याला आपण एलपीजी म्हणतो. दाबाखाली तो द्रव होऊन राहतो. पाइपातून येतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. गंमत अशी की दोघं एकाच घरातले असू शकतात. मुंबई हायच्या समुद्रातला वायू उरणला येतो, आणि तिथे त्याच्यातून एलपीजी वेगळा काढला जातो. पण वेगळे झाल्यावर त्यांचे स्वभाव पार निराळे असतात. मिथेनच्या रेणूत कार्बनचा एकच अणू, प्रोपेनमध्ये तीन, ब्युटेनमध्ये चार. म्हणून एक लिटर मिथेन जाळला तर जेवढी उष्णता मिळते, त्याच्या पावणेतीन ते तीन पट उष्णता एक लिटर एलपीजी वायू देतो. वजनातही तसंच: एलपीजी वायू हवेहून जड, मिथेन हवेच्या जवळजवळ अर्ध्या वजनाचा. लिटरला लिटर धरलं तर एलपीजी सुमारे तिप्पट जड पडतो.

दाबही वेगळा. सिलिंडरच्या आत दाब बराच असतो, पण रेग्युलेटर तो उतरवून शेगडीला साधारण ३० मिलिबार देतो. पाइपच्या गॅसचा घरातला दाब २१ मिलिबार. आकडे छोटे वाटतात, आणि खरंच छोटे आहेत. ३० मिलिबार म्हणजे पाण्याचा साधारण ३० सेंटिमीटर उंच स्तंभ तोलून धरेल एवढा जोर, म्हणजे एक फूटभर. तसंच २१ मिलिबार म्हणजे साधारण २१ सेंटिमीटर. एवढ्याशा जोरावर आपलं जेवण शिजतं.

आता हिशोब करून पाहू. समजा मोठ्या बर्नरचं एलपीजीचं जेट ०.७० मिलिमीटर व्यासाचं आहे. त्यातून तासाला साधारण ६० लिटर एलपीजी वायू जातो, वजनात १३० ग्रॅमच्या आसपास. हेच जेट पाइपच्या गॅसवर लावलं तर? दाब कमी, म्हणजे गॅस कमी येईल असं वाटतं. पण मिथेन हलका आहे आणि हलका वायू त्याच भोकातून जास्त वेगाने निसटतो. भोकातून जाणाऱ्या गॅसचा वेग दाबाच्या वर्गमुळाने वाढतो आणि गॅसच्या घनतेच्या वर्गमुळाने घटतो. दोन्ही धरून हिशोब केला तर तासाला ६० च्या जागी ९० लिटरच्या आसपास गॅस जातो, म्हणजे जवळजवळ दीडपट. पण प्रत्येक लिटरची उष्णता तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ आहे. दीडपट गॅस आणि तिसरा हिस्सा उष्णता, म्हणजे एकूण उष्णता सुमारे निम्मी. चहाचं पाणी उकळेल, पण दुप्पट वेळाने. कुकरला शिट्टी यायची वाट पाहत बसावं लागेल.

मग ती उष्णता पुन्हा पूर्ववत करायची, तर भोकाचं क्षेत्रफळ दुप्पट हवं. क्षेत्रफळ दुप्पट म्हणजे व्यास दुप्पट नव्हे, दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ पट. ०.७० चे होतात ०.९८, जवळजवळ एक मिलिमीटर. लहान बर्नरचं ०.६० चं जेट असेल तर ते ०.८५ च्या आसपास जातं. अंतर आहे अवघं पाव मिलिमीटर, डोळ्यांना सहज न दिसणारं.

पण उष्णता कमी-जास्त होणं ही गोष्टीची सोपी बाजू आहे. खरी काळजी हवेची असते. गॅस जळायला ऑक्सिजन हवा, आणि त्याची पहिली मोठी वाटणी शेगडीत आधीच होते. जेटमधून गॅस वेगाने सुटतो तेव्हा तो आजूबाजूची हवा ओढून बर्नरच्या नळीत घेऊन जातो. तिथे दोन्ही मिसळतात, आणि बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येताना पेटतात. उरलेली हवा ज्योत बाहेरून घेते. एक लिटर मिथेन जाळायला साधारण साडेनऊ लिटर हवा लागते, एलपीजीला जवळजवळ २७ लिटर. फरक मोठा दिसतो, पण उष्णता सारखी ठेवली तर दोन्हींना लागणारी एकूण हवा जवळजवळ सारखीच येते. म्हणूनच बर्नर तोच राहू शकतो आणि फक्त जेट बदलून काम भागतं.

आत्याकडे झालं ते उलट्या दिशेने. पाइपच्या गॅसचं मोठं भोक आणि त्याला सिलिंडरचा गॅस. तिथे उष्णता दुप्पट होते, म्हणजे दुप्पट हवा हवी. पण मोठ्या भोकातून सुटलेला गॅस आपल्या आकारमानाच्या मानाने हवा कमी ओढतो. गॅस दुप्पट होतो, हवा मात्र माझ्या अंदाजाने दीडपटीच्या आतच राहते. बर्नरवर कोंडलेल्या, हवेला आसुसलेल्या ज्योती उठतात: लांब, मऊ, टोकाला पिवळ्या. कार्बनचे कण पूर्ण जळत नाहीत, ते ज्योतीत तापून पिवळे चमकतात आणि भांड्याच्या बुडाला काजळी होऊन बसतात. ती पिवळी ज्योत थंड भांड्याला टेकली की जळणं अर्धवटच सुटतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोळे चुरचुरणं हे अर्धवट जळण्याचं चिन्ह, पण मोनॉक्साइडची सूचना त्याहून कमी स्पष्ट असते: डोकं जड होणं, मळमळ, थकवा. दारं-खिडक्या बंद करून पावसाळ्यात स्वयंपाक करणाऱ्या घरात हा प्रकार जीवघेणा आहे.

एक सावधानता सांगतो. पिवळा रंग दिसला की लगेच जेटवर शंका घेऊ नका. डाळीचं मिठाचं पाणी उतू जाऊन बर्नरवर सांडलं, तरी ज्योतीत नारिंगी चमक येते, ती सोडियमची. ती क्षणभर चमकून जाते, एखाद्या ठिकाणी उठते, आणि भांड्याखाली काजळी धरत नाही. जेट चुकीचं असलं तर मात्र सगळ्या छिद्रांवर एकसारखी पिवळी टोकं दिसतात, नॉब पूर्ण उघडल्यावर ती आणखी वाढतात आणि भांडं तासाभरात काळं पडतं. उलट बाजूने, पाइपच्या गॅसवर एलपीजीचं जेट राहिलं तर ज्योत निळीच असते, पण खुजी, फिकट आणि कडक, वाऱ्याच्या झुळकीने विझणारी. ती विझली की गॅस मात्र सुरूच राहतो. म्हणून ज्योत निळी आहे एवढ्यावर समाधान मानू नका, तिची उंचीही बघा.

आत्याकडे गेलो तेव्हा पितळी जेट काढून हातात घेतलं. काही कंपन्यांच्या जेटवर आकडा कोरलेला असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे ७० म्हणजे ०.७० मिलिमीटर. या जेटवर ७० च लिहिलं होतं, पण निरखून पाहिलं तर भोक मोठं दिसत होतं. मग उलगडा झाला. ठाण्यात जोडणी करायला आलेल्या माणसाने जेट बदललं नव्हतं, बारीक ड्रिलने तेच मोठं केलं होतं. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. स्वस्त पडते, लवकर होते, पण दोन दोष राहतात. एक म्हणजे हातातल्या ड्रिलने भोक तिरकं झालं किंवा आत कचर राहिली, तर गॅसची धार सरळ नळीच्या मध्यातून जात नाही आणि हवा नीट मिसळत नाही. दुसरा म्हणजे मोठं केलेलं भोक पुन्हा लहान करता येत नाही. त्या शेगडीला एलपीजीवर परत आणायचा एकच मार्ग, नवी जेटं. काही जण झाकण वा चकती फिरवून हवा वाढवू पाहतात, पण त्याने वाढलेला गॅस कमी होत नाही.

दुकानातून तीन जेट आणली, त्याच कंपनीच्या शेगडीची, कारण जेटचे आटे आणि लांबी प्रत्येक शेगडीत एकसारखी नसते. मोठ्या बर्नरचं जेट लहान बर्नरला लागू नये, म्हणून प्रत्येक जुन्या जेटशेजारी नवं ठेवून मगच बसवलं. बसवण्याआधी रेग्युलेटर बंद, नंतर सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का हे पाहिलं. हे काम ज्याला सवय नाही त्याने मेकॅनिककडूनच करून घ्यावं. जेट जास्त घट्ट केलं तरी पितळेचे आटे निघतात. आणि घरी कधीही जेट सुईने खोदू नका. भोक तुंबलंय असं वाटून सुई फिरवली की मऊ पितळ झिजतं, आणि मग ७० चं जेट हळूहळू ७५ होतं. तुंबलेलं जेट काढून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावं, वाळवावं आणि फुंकर मारून मोकळं करावं.

उलट दिशेने, म्हणजे सिलिंडरची शेगडी पाइपच्या गॅसवर नेताना, नुसतं जेट बदलून सगळंच जमतं असं नाही म्हणणार. एलपीजीसाठी बनवलेल्या शेगडीच्या बर्नरची नळी, छिद्रं, कडा सगळं एलपीजीसाठी आखलेलं असतं. पाइपच्या गॅससाठी फक्त जेट बदललं, तर उष्णता बरोबर मिळते, पण नळीतलं मिश्रण आणि छिद्रांवरची ज्योत मूळ आखणीप्रमाणे राहत नाही, आणि गॅस थोडा जास्त लागतो. नवी शेगडी घेणार असाल तर पाइपच्या गॅससाठीच बनवलेली घ्या. भारतात एलपीजी शेगडीचं मानक आयएस ४२४६ आहे, ते ज्या शेगडीवर छापलेलं आहे ती सिलिंडरसाठी आखलेली समजा.

आत्याची शेगडी पेटली तेव्हा ज्योत आता छोटी, निळी आणि बर्नरवर घट्ट बसलेली होती. तिला ती जरा कमीच वाटली. दूध वर यायला पाच मिनिटं लागली. "पूर्वीची बरी होती," ती म्हणाली. मी तिला टोपाचं बूड दाखवलं, त्यावर आता काजळी नव्हती. मोठ्या भोकांची जुनी तिन्ही जेट मी टाकून दिली नाहीत. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, "पाइपच्या गॅसची, सिलिंडरला लावू नये" अशी चिठ्ठी आत ठेवून शेगडीच्या खोक्यात ठेवली आहेत.