कढईतली आग साबणाने विझते

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यातल्या एखाद्या फरसाणाच्या दुकानात भट्टीच्या बाजूने आत डोकावून पाहा. शेवेचा झारा कढईवर फिरत असतो आणि मागच्या भिंतीवर एक लाल सिलिंडर टांगलेलं असतं. त्याच्या लेबलवर बहुतेक वेळा ‘एबीसी’ लिहिलेलं असतं. मालक ते विश्वासाने दाखवतो. ते सिलिंडर लाकूड, कागद, पेट्रोल, गॅस आणि वायरिंगच्या आगीसाठी उत्तम आहे. मात्र त्या दुकानात सगळ्यांत जास्त शक्यता कशाची असेल, तर समोरच्या कढईतलं तेल पेटण्याची, आणि नेमक्या त्याच आगीपुढे ते अपुरं पडतं. असं का, हे कळण्यासाठी आधी तेल कसं पेटतं ते पाहायला हवं.

कचोरी किंवा शेव तळताना तेल साधारण १८० अंश सेल्सिअसला असतं. ताजं रिफाइंड तेल २३० अंशांच्या आसपास धूर सोडू लागतं. तापमान आणखी चढून ३६० अंशांच्या जवळपास गेलं की बाहेरची ठिणगीही लागत नाही, वरची वाफ आपोआप पेटते. पुन्हा पुन्हा तापवलेल्या काळपट तेलात सुटी मेदाम्लं वाढलेली असतात, म्हणून ते लवकर धुरावतं आणि लवकर पेट घेतं.

आता एक हिशेब करू. कढईत १२ लिटर तेल आहे, म्हणजे सुमारे ११ किलो. एक किलो तेल एक अंशाने तापवायला साधारण २.३ किलोज्यूल उष्णता लागते. १८० वरून ३६० वर जायला ११ × २.३ × १८०, म्हणजे जवळपास ४,५५० किलोज्यूल हवेत. मोठी भट्टी तासाला एक किलो गॅस जाळते असं धरलं आणि त्यातली निम्मी उष्णता तेलात उतरते असं मानलं, तर दर सेकंदाला सहा किलोज्यूल मिळतात. उत्तर येतं बारा-तेरा मिनिटं. एक घाणा काढून कारागीर पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला, मग फोन आला, मग दारात दुधाचा टेम्पो थांबला, की तेवढी वेळ भरते. त्यातल्या पहिल्या काही मिनिटांनंतर धूर दिसू लागतो. त्या धुराकडे ‘आज तेल जरा जास्त तापलं’ म्हणून पाहायचं नसतं, तिथेच भट्टी बंद करायची असते.

पेटलेल्या कढईवर पाणी टाकू नये हे पुष्कळांना माहीत असतं, तरी घाबरल्यावर हात पाण्याच्या बादलीकडेच जातो. म्हणून तिथे नेमकं काय घडतं ते एकदा नीट समजून घेऊ. पाणी तेलापेक्षा जड आहे, त्यामुळे ते ज्वालेखालून तेलात बुडतं. बुडताच ३०० अंशांहून गरम तेलात त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची १०० अंशांला सुमारे १,७०० लिटर वाफ होते, तेव्हा एका पेल्यातल्या २०० मिलिलिटर पाण्याची ३४० लिटर. ही वाफ वर येताना पेटतं तेल बारीक थेंबांत फोडून हवेत उडवते. आधी फक्त कढईच्या तोंडावर जळणारं तेल आता लाखो थेंबांच्या पृष्ठभागावर जळतं आणि आगीचा लोळ पत्र्यापर्यंत जातो. बेसन किंवा मैदा फेकणं तितकंच घातक, कारण हवेत पसरलेलं पीठ स्वतःच भडकतं.

मग एबीसी पावडर मारली तर? तिच्यात मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. ज्वालेत चालणारी रासायनिक साखळी ते तोडतं, त्यामुळे दोन-तीन सेकंदांत ज्वाला नाहीशी होते आणि माणसाला वाटतं, झालं काम. पण पावडरीने तेल थंड होत नाही. ते अजूनही ३६० अंशांवरच असतं. पावडरीचा ढग बाजूला सरकतो, हवा परत येते आणि तेलाची वाफ पुन्हा आपोआप पेटते. तोवर सिलिंडर रिकामं झालेलं असतं. आपल्या ११ किलो तेलाला केवळ ४० अंश उतरायलाही बरीच मिनिटं लागतात, आणि पावडरीचा फवारा सेकंदांत संपतो. सीओटूचंही तेच. शिवाय दोन्हींचा झोत जोराचा असतो आणि जवळून मारला तर तेल कढईबाहेर उसळतं.

अमेरिकेत ही अडचण नव्वदच्या दशकात ठळक झाली. आधी तिथे प्राण्यांच्या चरबीत तळत. तिच्यात सुटी मेदाम्लं भरपूर असल्याने सोडियम बायकार्बोनेटची साधी पावडर चालून जाई. मग हॉटेलं वनस्पती तेलाकडे वळली. ते जास्त तापमानाला पेटतं. नवे फ्रायरही उष्णता धरून ठेवणारे होते, त्यामुळे तेल लवकर निवेना आणि विझलेली आग परत पेटू लागली. १९९४ मध्ये ‘यूएल ३००’ ही कडक चाचणी आली आणि स्वयंपाकघरांत ओल्या रसायनाची साधनं रुळली.

या ओल्या रसायनाची करामत मला फार आवडते. सिलिंडरमध्ये पोटॅशियम अॅसिटेट, सायट्रेट किंवा कार्बोनेट यांचं पाण्यातलं द्रावण असतं, म्हणजे चक्क पाणी! तरी तेल उसळत नाही. कारण ते द्रावण लांब नळीच्या टोकाच्या तोटीतून मंद, बारीक फवाऱ्याने पडतं. थेंब इतके लहान असतात की बुडण्याआधी पृष्ठभागावरच त्यांची वाफ होते, आणि वाफ होताना ती तेलाची उष्णता घेऊन जाते. दुसरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. हे क्षार अल्कधर्मी असतात. शाळेत आपण तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून साबण होतो हे शिकलो. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. अल्क मिळाला की ती सुटतात आणि पोटॅशियमशी जोडून साबण बनतात. एरवी मंद चालणारी ही क्रिया इतक्या तापलेल्या पृष्ठभागावर झपाट्याने होते. साबणात वाफ अडकली की फेस होतो. त्या फेसाची साय कढईभर पसरते, खालची तेलाची वाफ वर येऊ देत नाही आणि वरची हवा खाली जाऊ देत नाही. सगळं तेल साबण होत नाही, फक्त वरचा पातळ थर होतो, आणि तेवढा पुरतो. एबीसी पावडर मात्र आम्लधर्मी आहे. दोन्ही एकाच कढईवर मारली तर पावडर हा फेस मोडते, म्हणून आधी पावडर मारून मग ओलं रसायन ही खबरदारी ठरत नाही.

अशा सिलिंडरच्या लेबलवर ‘एफ’ किंवा ‘के’ वर्ग लिहिलेला असतो. युरोपीय पद्धतीच्या लेबलवर एफच्या आधीचा आकडा चाचणीत किती लिटर पेटतं तेल विझवलं ते सांगतो: ७५ एफ म्हणजे ७५ लिटर. आपल्या कढईच्या मापाशी तो ताडून पाहावा. हल्ली आगीत फेकायच्या ‘फायर बॉल’च्या चित्रफिती फिरतात. त्या गोळ्यात एबीसी पावडर आणि ती उडवणारा छोटा स्फोट असतो. तेलाच्या कढईत स्फोट नको, एवढं तरी ते विकणाऱ्यांनी सांगायला हवं. भट्टीवर लिंबू-मिरची टांगणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, पण तेवढ्या जागेत कढईचं झाकण टांगलं तर आग खरोखर विझते.

लोखंडी किंवा जाड पत्र्याचं, कढईच्या काठावर पुरतं बसणारं झाकण हाच पहिला उपाय. आग लागताच एकाने गॅस बंद करायचा, दुसऱ्याने झाकण ढालीसारखं पुढे धरून बाजूने सरकवत बसवायचं. वरून आपटायचं नाही आणि कढई उचलायची तर मुळीच नाही. तेल हाताला सोसवेल इतकं निवेपर्यंत झाकण काढायचं नाही, घाईने उघडलं की हवा जाते आणि ते परत पेटतं. झाकण बसत नसेल तर ओलं रसायन. साधारण दीड-दोन मीटरवरून गोल फिरवत हलका फवारा मारायचा आणि ज्वाला गेली तरी थांबायचं नाही, सिलिंडर पूर्ण रिकामं करायचं. फेसाची साय दाट झाली पाहिजे.

आता गॅस. दुकानातलं निळं सिलिंडर १९ किलोचं असतं. त्यातला वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, म्हणून तो भट्टीखाली, चर आणि नाल्यांत साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला की तो पेटू शकतो. त्याला मुळात वास नसतो, म्हणून इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, आणि ते इतकं की धोक्याच्या पातळीच्या पाचव्या भागालाच वास यावा. खानदेशी स्वयंपाकघरात एक अडचण आहे. मर्कॅप्टन हे गंधकाचं संयुग, आणि लसूण-कांद्याचा वासही गंधकाच्याच संयुगांचा. शेवभाजीसाठी काळा मसाला आणि लसूण परतला जात असताना नाक गॅसला चटकन ओळखत नाही. त्यातही आत बराच वेळ उभ्या असलेल्याचं नाक सरावतं. म्हणून बाहेरून आलेला पोरगा ‘वास येतोय’ म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

सकाळी शटर उघडल्यावर आधी वास घ्यायचा. वास आला तर दिव्याचं किंवा एक्झॉस्टचं बटण दाबायचं नाही. बटणाची ठिणगी पुरते. दारं उघडायची, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करायचा. वास नसला तरी रेग्युलेटर, नळी आणि जोड यांवर साबणाचं पाणी लावून पाहायचं. बुडबुडे वाढत गेले तर तिथे गळती आहे. काडी पेटवून पाहणारे अजून भेटतात, हे थांबलं पाहिजे. रात्री आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नळीतला गॅस भट्टीत जळून जाऊ द्यायचा आणि मग भट्टीची चावी बंद करायची. नळीला किंवा जोडाला ज्वाला लागली, तर व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत ती विझवू नका, कारण विझवल्यावर न जळलेला गॅस साचत राहतो. मेच्या उन्हात पत्र्याखाली सिलिंडर ठेवू नयेत. भुसावळच्या ४५ अंशांत आतला दाब चांगलाच चढतो.

सरावाला फार वेळ लागत नाही. दुकान उघडण्याआधी थंड, रिकामी कढई भट्टीवर ठेवा. मालकाने अचानक ‘आग’ ओरडावं. व्हॉल्व्ह कोण बंद करणार, झाकण कोण आणणार, गिऱ्हाइकांना बाहेर कोण काढणार आणि १०१ वर कोण फोन करणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. जो सुट्टीवर आहे त्याच्या जागी कोण, हेही. नवा कारागीर राजस्थानचा किंवा उत्तर प्रदेशचा असेल तर सूचना त्याला हिंदीतून सांगा. झाकण दहा सेकंदांत बसत नसेल, तर बहुधा ते पातेल्यांच्या ढिगामागे असतं. तेव्हा माणसाला बोलू नका, झाकणाची जागा बदला. ज्वाला चिमणीच्या तेलकट नळीत शिरली असेल, तर हातातल्या सिलिंडरने ती विझणार नाही. व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यांनी बाहेर पडायचं.

आग विझल्यावर ते तेल गाळून पुन्हा वापरायचा मोह होतो. त्यात पोटॅशियमचे क्षार आणि साबण उतरलेला असतो, ते टाकूनच द्यायचं. कढई, भट्टी आणि ओटा भरपूर पाण्याने धुवायचा, आणि रिकामं सिलिंडर त्याच दिवशी भरायला पाठवायचं.