‘मशीन रोज वेगळंच दाखवतंय’ : बीपीचं मशीन परत आणण्याआधी हे वाचा

आमच्या काउंटरवर आठवड्यातून चार-पाच जण तरी हीच तक्रार घेऊन येतात. ‘गेल्या महिन्यात दवाखान्यात १२२ होतं, आता १५८ दाखवतंय, मशीन बदलून द्या.’ आम्ही मशीन लगेच बदलून देत नाही, म्हणून काहीजण रागावून जातात. आधी दुकानातल्या तपासणीच्या मशीनशी लावून बघतो. बहुतेक वेळा दोन्हींत दोन-तीन पॉइंटचाच फरक निघतो, आणि तेवढा चांगल्या मशीनमध्येही असतो. म्हणजे मशीन बरोबर असतं, बीपीच खरोखर इतकं हलत असतं. त्या हलण्याकडेही बघावं लागतं, म्हणून हे पत्रक.

एकाच बैठकीत दोनदा मोजलं आणि पाच-आठ पॉइंट इकडे-तिकडे झाले, तर त्यात काही विशेष नाही. प्रश्न आहे तो एका भेटीपासून पुढच्या भेटीपर्यंत, महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने होणाऱ्या चढउताराचा. ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांच्या गटाने २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात यावर लिहिलं. वरच्या बीपीची सरासरी सारखीच असली, तरी ज्यांचा आकडा भेटीगणिक जास्त उड्या मारतो त्यांना अर्धांगाच्या झटक्याचा धोका जास्त दिसला. सरासरीचा परिणाम हिशेबातून वेगळा काढल्यावरही तो फरक उरलाच.

दोन माणसांचे सहा भेटींमधले वरचे आकडे बघा.

पहिले : १३८, १४२, १४०, १३६, १४४, १४०.
दुसरे : १२२, १५८, १३४, १६४, १२६, १३६.

दोघांचीही सरासरी बरोबर १४०. आता लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक काढा. पहिल्यांचे फरक ४, २, ४, ८, ४. बेरीज २२, पाचांनी भागलं की ४.४. दुसऱ्यांचे ३६, २४, ३०, ३८, १०. बेरीज १३८, भागाकार २७.६. एवढा हिशेब घरी कागदावर होतो. इतक्याच्या पुढे धोका अशी सर्वमान्य रेघ मात्र अजून आखलेली नाही, तेव्हा ४.४ आला म्हणून निर्धास्त होऊ नका आणि २७ आला म्हणून हातपाय गाळू नका. सरासरी जास्त असेल तर पहिलं काम तीच खाली आणण्याचं. हा आकडा त्याच्या जोडीने डॉक्टरांना दाखवायचा.

दुसरी ओळ तासगावकडच्या आमच्या एका जुन्या ग्राहकाची, त्यांच्या परवानगीने दिली आहे. काका मशीन घेऊन दोनदा आले, तिसऱ्यांदा आम्ही त्यांना वही आणायला सांगितली. वहीतून असं निघालं. १५८ आलं त्या सकाळी साखरेची उपाशीपोटी तपासणी होती, म्हणून काकांनी बीपीची गोळीही घेतली नव्हती. १६४ च्या आधी पाच दिवस ते गुडघ्यासाठी दुसरीकडून आणलेली वेदनाशामक गोळी खात होते, त्यात बीपीची पट्टी संपून दोन दिवस झालेले. १२२ आणि १२६ च्या वेळी गोळ्या अगदी वेळेवर चालू होत्या. मशीनचा काहीच दोष नव्हता.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो या उपाशीपोटीच्या गैरसमजात. ‘उपाशी’ म्हणजे अन्न, चहा, दूध नको. बीपीची गोळी साध्या पाण्याबरोबर बहुतेकांना घेता येते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. साखरेच्या गोळीचा आणि इन्सुलिनचा नियम वेगळा, तो त्यांनाच विचारा. पण बीपीची गोळी स्वतःच्या मनाने टाळून तपासणीला गेलात, तर डॉक्टरांना न घेतलेल्या गोळीचं बीपी दिसतं. मग डोस वाढतो, आणि पुढच्या महिन्यात चक्कर येते म्हणून पुन्हा आमच्याकडे.

गोळी चुकल्यावर बीपी किती उसळेल हे गोळीवरही ठरतं. ॲम्लोडिपिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे एक दिवस चुकला तरी तिचा आधार पुरता जात नाही. ॲटेनोलॉलला त्यासाठी ६-७ तासच लागतात, आणि ती एकाएकी बंद केली तर बीपी व नाडी दोन्ही उसळी मारू शकतात, हृदयविकार असेल तर ते धोक्याचं. रॉथवेल यांच्या गटाने तपासलेल्या एका मोठ्या चाचणीत ॲम्लोडिपिनवरच्या रुग्णांचा चढउतार ॲटेनोलॉलवरच्यांपेक्षा कमी होता. हे वाचून ‘मला ती द्या’ म्हणून काउंटरवर येऊ नका, आम्ही चिठ्ठीशिवाय गोळी बदलत नाही. वही घेऊन डॉक्टरांना विचारा, ‘माझी गोळी चोवीस तास पुरते का?’ काकांची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी बदलली, ती वही बघूनच. मात्र चढउतार कमी करण्याचंच लक्ष्य ठेवून उपचार केले तर झटके नक्की टळतात, असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. गोळी वेळेवर घेण्याचा फायदा मात्र ठरलेलाच आहे.

वही अशी ठेवा. सात दिवस, सकाळी लघवी करून, चहा-तंबाखूच्या आधी आणि गोळीच्याही आधी; पुन्हा संध्याकाळी जेवणाआधी. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. पहिल्या दिवसाचे आकडे सरासरीत धरू नका, ते नवखेपणाचे असतात. समोर एक रकाना हवाच : गोळी किती वाजता घेतली, वेदनाशामक किंवा सर्दीची गोळी घेतली का, झोप झाली का. खरी माहिती याच रकान्यात सापडते. उसाच्या हंगामात रात्रपाळी करणारे ‘सकाळ’ म्हणून झोपून उठल्यावरची वेळ धरा.

पट्टाही बघा. दंड ३२ सेंटिमीटरपेक्षा जाड असेल आणि नेहमीचा पट्टा बांधलात, तर आकडा खोटा जास्त येतो. एका भेटीत दवाखान्याचा मोठा पट्टा, पुढच्या वेळी घरचा छोटा, की चढउतार तयारच. दंडाचं माप आम्ही फुकट घेतो, मोठा पट्टाही मिळतो. मनगटाची मशीन आम्ही ठेवत नाही, कारण हाताची उंची जरा चुकली की तिचा आकडा हलतो. नाडी अनियमित असल्याची खूण मशीनवर वारंवार येत असेल, तर आकड्यांच्या हिशेबात वेळ घालवू नका, डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या.

दर महिन्याच्या गोळ्या आम्ही तारखेप्रमाणे वेगळ्या बांधून ठेवतो. पट्टी संपायच्या पाच दिवस आधी फोन करतो, चिठ्ठीची तारीख बघून. काकांची पट्टी आता संपत नाही.

मशीन तपासायला आणाल तेव्हा पट्टा, सेल आणि वही तिन्ही आणा. नुसतं मशीन आणलं तर पुन्हा यावं लागतं. तपासणीला पंधरा मिनिटं लागतात, पैसे घेत नाही, पण बाजाराच्या दिवशी दुपारनंतर या, सकाळी काउंटरवर उभं राहायला जागा नसते. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं यातलं काही असेल, तर मशीनही नको आणि वहीही नको. १०८ ला फोन करा.