नीचभंग झाला म्हणून अस्त सुटत नाही

‘बुध नीचीचा आहे, शिवाय अस्तंगत आहे, पण नीचभंग झालाय, त्यामुळे दोन्ही दोष गेले.’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडलंय की आता चिडही येईनाशी झाली आहे. दोनांतला एक दोष गेला. दुसरा जिथल्या तिथे आहे.

नीच राशी बहुतेकांना पाठ असतात, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. बुध मीनेत नीच, आणि १५ अंशावर परमनीच. प्रश्न फक्त राशीचा. रवी कुठेही असो, मीनेतला बुध नीचच.

अस्ताला राशीशी देणंघेणं नाही. ग्रह रवीच्या इतका जवळ असतो की त्याच्या तेजात दिसेनासा होतो, तो अस्त. म्हणजे मोजायचं ते दोघांमधलं अंतर. सूर्यसिद्धांतात ते ग्रहागणिक दिलंय: मंगळ १७ अंश, शनी १५, गुरू ११, बुध १४ आणि शुक्र १०. बुध-शुक्र वक्री असले तर १२ आणि ८, कारण वक्री असताना ते पृथ्वीजवळ असतात, बिंब मोठं दिसतं आणि रवीच्या अधिक जवळ असूनही नजरेला पडतात. पंचांगात गुरू-शुक्राचे अस्त आपण लग्नाचे मुहूर्त काढताना पाहतोच. कुंडलीतला अस्त म्हणजे तीच आकाशातली गोष्ट.

गोंधळ इथून सुरू होतो. पत्रिकेच्या चौकोनात अंश दिसत नाहीत, मग रवीबरोबर एका घरात बसलेला प्रत्येक ग्रह लोक अस्त ठरवून मोकळे होतात. रवी मीनेत ३ अंशावर आणि बुध कुंभेत २८ अंशावर असला, तर घरं दोन पण अंतर पाचच अंश. बुध अस्त. उलट एकाच घरात १९ अंशांचं अंतर असेल तर अस्त नाही. अंश न विचारता अस्त सांगणाऱ्याकडे मी तरी पत्रिका दाखवणार नाही.

आता नीचभंग. नीच राशीचा स्वामी लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात असणं, ही त्याची सगळ्यात जास्त वापरली जाणारी अट. इतरही अटी आहेत, पण त्या सगळ्या राशीच्या नात्यांवर उभ्या आहेत: या राशीचा मालक कोण, इथे उच्चीचा कोण होतो, तो कुठे बसलाय. रवीपासूनचं अंतर त्यांतल्या एकाही अटीत येत नाही. मग नीचभंगाने अस्त सुटेल कसा? आणि नीचभंग म्हणजे लगेच राजयोग, हेही घाईचंच. भंग करणारा ग्रह स्वतः दुबळा असेल तर दोष सौम्य होतो, एवढंच पदरात पडतं.

उदाहरण घेऊ. धनू लग्न, लग्नात स्वराशीचा गुरू. चौथ्या स्थानी मीनेत रवी २१ अंशावर, मार्गी बुध १४ अंशावर. जन्म साधारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला. बुध सप्तमेश आणि दशमेश, परमनीचाच्या अगदी लगत. मीनेचा स्वामी गुरू लग्नी, म्हणजे केंद्रात आणि बलवान, त्यामुळे नीचभंग पक्का. बुधाची दृष्टीही समोर दशमावर, आपल्याच उच्च राशीवर. त्यामुळे बुद्धी कमी, हिशेब कच्चा, बोलणं अडखळतं असली नीचीची ठरावीक फळं इथे सांगू नयेत. सुरुवातीला अडेल, पुढे सुधारेल.

पण रवीपासून अंतर ७ अंश. बुध अस्त आहे आणि अस्तच राहतो. दशमेश रवीच्या तेजात झाकलेला, म्हणजे काम उत्तम, नाव मात्र वडिलांचं, साहेबाचं किंवा संस्थेचं. इथे रवी भाग्येश असल्यामुळे त्रास बेताचाच. नवमेश-दशमेशाची युती हा चांगला योग आहे आणि मोठ्यांच्या हाताखाली हा माणूस वर जाईल. तरी १७ वर्षांच्या बुध महादशेत ‘स्वतःचा धंदा काढा’ असा सल्ला मी देणार नाही. पाचूची अंगठी तर नाहीच. दोष कोणता हे न बघता दोन्हींवर एकच खडा सुचवणाऱ्यांची मला चीड आहे.

आता याच पत्रिकेत फक्त बुध २ अंशावर न्या. चौकोन तसाच दिसतो, नीचभंगही तोच. पण अंतर १९ अंश झालं, अस्त गेला, आणि परमनीचापासूनही बुध लांब सरकला. या माणसाला स्वतःच्या नावाने व्यवसाय करायला मी बेलाशक सांगेन.