लाल त्रिकोणाखालची बारीक ओळ

वरूडजवळ संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका चालवणाऱ्या एका भाऊंचा जूनमध्ये फोन आला. "साईट उघडत नाही, म्हणते कनेक्शन खाजगी नाही. हॅक झाली का?" मृगाचा पाऊस तोंडावर, कलमांची मागणी सुरू, त्यामुळे त्यांची घालमेल साहजिक होती. मी म्हटलं, "भाऊ, त्या पानावर खाली बारीक इंग्रजी अक्षरांत काय लिहिलंय तेवढं वाचा."

क्रोमच्या त्या लाल पानावर खरं निदान त्या ओळीतच असतं. भाऊंनी वाचलं:

```
NET::ERR_CERT_DATE_INVALID
```

म्हणजे तारखेची अडचण. प्रमाणपत्र हे साईटचं ओळखपत्र. त्याला मुदत असते. मोबाईलचं घड्याळ चुकीचं असलं तरी हीच ओळ दिसते, म्हणून आधी फोनची तारीख पाहायला लावली. ती बरोबर होती आणि काटोलच्या एका ग्राहकालाही तेच दिसत होतं. म्हणजे दोष साईटचाच. प्रमाणपत्र लेट्स एनक्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं, ९० दिवसांचं. १२ मार्चला निघालेलं, १० जूनला संपलेलं. नूतनीकरण आपोआप व्हायचं, पण मे महिन्यात साईट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली आणि ते काम करणारा प्रोग्राम जुन्यावरच राहिला. अशी चूक कुणाला कळत नाही, कारण जुनं प्रमाणपत्र मुदत संपेपर्यंत व्यवस्थित चालतं.

भाऊंच्या पुतण्याने त्याच रात्री नवं प्रमाणपत्र काढलं. सकाळी पुन्हा फोन: लाल पान तसंच. यावेळी ओळ मात्र वेगळी होती:

```
NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID
```

आता मुदत ठीक, नाव जुळत नव्हतं. घाईत प्रमाणपत्र `www` नसलेल्या नुसत्या नावाचं काढलं होतं, आणि व्हिजिटिंग कार्डावर छापलेला पत्ता `www` ने सुरू होणारा. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, ब्राउझरला ती दोन वेगळी नावं आहेत. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर टिचकी मारून प्रमाणपत्र उघडलं, तर `Subject Alternative Name` खाली मान्य नावांची यादी दिसते. तिथे `www` वालं नाव नव्हतं.

पुतण्या म्हणाला, "पण काका, मी `www` वरून साध्या पत्त्यावर पाठवायची सोय केली आहे ना!" ही गफलत फार जण करतात. पाठवणीचा निरोप सर्व्हर देतो तो ओळख पटल्यानंतर. ब्राउझर आधी `www` च्या नावाचं ओळखपत्र मागतो. ते मिळालं नाही तर तो निरोप ऐकायला थांबतच नाही.

या दोन्ही इशाऱ्यांत साईट हॅक झाली असं सिद्ध होत नाही, पण समोरचा तोच दुकानदार आहे याची खात्रीही ब्राउझर देऊ शकत नाही. म्हणून ग्राहकांना मी सांगितलं, साईट नीट होईपर्यंत तिथे पैसे भरू नका, कलमांची नोंदणी फोनवर करा. संध्याकाळपर्यंत दोन्ही नावांचं प्रमाणपत्र निघालं, नूतनीकरणाचा प्रोग्राम नव्या सर्व्हरवर बसवला आणि पुतण्याने तो एकदा चाचणी म्हणून चालवूनही पाहिला.