बीजकाच्या किमतीतला न कमावलेला नफा

कोल्हापुरातलं साड्यांचं मोठं दुकान आणि त्याची सांगलीतली शाखा, असं एक उदाहरण धरू. मुख्य दुकानाला 800 रुपयांना पडलेली साडी सांगलीला पाठवताना बीजकावर 1,000 रुपये लावून जाते. शाखेतल्या व्यवस्थापकाला 800 हा आकडा कुठेच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ती साडी हजाराची, विकायची हजारालाच आणि हिशेब द्यायचा तोही हजाराचाच.

खरेदीचा भाव शाखेपासून झाकून ठेवायचा म्हणून असं करतात, हे आपण नेहमी ऐकतो. ते खरं आहे, पण मला त्यातलं दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं. शाखेचा माल मूळ किमतीने लिहिला, तर एकाच खात्यात दोन भाव येतात. माल येताना 800 ने येतो आणि विकला जाताना 1,000 ने जातो. वर्षाअखेर जो फरक उरतो त्यात नफाही असतो आणि हरवलेल्या साड्यांचं नुकसानही असतं, आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. याउलट माल येताना 1,000 चा, विकताना 1,000 चा, परत पाठवताना 1,000 चा आणि कपाटात शिल्लक असेल तोही 1,000 चा धरला, तर खात्यात नफ्याला जागाच उरत नाही. मग दोन्ही बाजूंत जो फरक पडेल तो मालाचा फरक. पैशांत मांडलेलं हे खातं म्हणजे खरं तर साड्यांची मोजदाद आहे.

साठा-ऋणको पद्धतीत शाखेचा व्यवहार असा वेगवेगळ्या खात्यांत वाटतात. माल शाखा साठा खात्यात, गिऱ्हाइकांची उधारी ऋणको खात्यात, पगार-भाडं खर्चाच्या खात्यात. उधारी वसूल झाली, एखाद्याला सूट दिली, कुणाचे पैसे बुडाले, तर ते सगळं ऋणको खात्यात राहतं. साठा खात्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. साडी दुकानाबाहेर गेली की आत आली, एवढंच ते पाहतं.

आता वर्षाचे आकडे घेऊ. 1 एप्रिलला सांगलीत बीजक किमतीने 50,000 रुपयांचा माल होता. वर्षभरात कोल्हापूरहून 4,00,000 चा आला. रोखीने 1,50,000 ची आणि उधारीवर 2,20,000 ची विक्री झाली. उधारीवाल्या गिऱ्हाइकांनी 5,000 च्या साड्या परत आणून दिल्या आणि त्या पुन्हा कपाटात गेल्या. 10,000 चा माल शाखेने कोल्हापूरला परत पाठवला. साठा खात्याच्या नावे बाजूला सुरुवातीचा माल, आलेला माल आणि गिऱ्हाइकांनी परत केलेला माल मिळून 4,55,000 होतात. जमा बाजूला विक्री आणि परत पाठवलेला माल मिळून 3,80,000. म्हणजे 31 मार्चच्या रात्री शटर ओढल्यावर कपाटांत 75,000 चा माल सापडला पाहिजे.

ती रात्र ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल. एक जण स्टुलावर चढून घड्या उचलतो आणि चिठ्ठीवरचा आकडा मोठ्याने सांगतो, दुसरा खाली बसून लिहितो. ही मोजणी 70,000 वर थांबली. 5,000 चा माल कमी आहे.

तूट म्हणण्याआधी एक गोष्ट नक्की पाहावी. कोल्हापूरने 30 मार्चला ट्रान्सपोर्टने पाठवलेला गठ्ठा अजून वाटेत असेल, तर तो पाठवलेल्या मालात धरला गेलेला असतो आणि कपाटात मात्र नसतो. असा माल वेगळा दाखवायचा. आपल्या उदाहरणात वाटेत काही नाही, म्हणून ही तूट खरी आहे.

पण या तुटीने मालकाचे 5,000 रुपये गेले का? नाही. त्या साड्या त्याला 4,000 ला पडल्या होत्या. वरचे 1,000 त्यानेच कागदावर चढवले होते. हिशेबनीस या चढवलेल्या रकमेला लोडिंग म्हणतात. खरेदीवर 25 टक्के चढवले, तर बीजक किमतीत ते 20 टक्के, म्हणजे एक पंचमांश होतात. 800 वर 200 म्हणजे पाव हिस्सा, पण 1,000 मध्ये 200 म्हणजे पाचवा हिस्सा. इथे पुष्कळ जण घसरतात आणि 70,000 च्या साठ्यातून 25 टक्के, म्हणजे 17,500 काढून मोकळे होतात. बरोबर आकडा 14,000 आहे.

हे 14,000 म्हणजेच न कमावलेला नफा. सांगलीच्या कपाटात पडून असलेल्या साड्या अजून कुणी विकत घेतलेल्या नाहीत. कोल्हापूरहून सांगलीला टेम्पो गेला म्हणून मालकाला काही मिळालं नाही, माल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखाच आहे. ताळेबंदात हा साठा 70,000 नव्हे तर 56,000 चा दिसला पाहिजे. साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखा मानक 2 सुद्धा हेच सांगतं: साठा मूळ किंमत किंवा विकून हाती येऊ शकणारी निव्वळ किंमत, यांतली जी कमी असेल त्या दराने दाखवायचा.

त्यासाठी शाखा समायोजन खातं असतं. पाठवलेल्या प्रत्येक मालावरचं लोडिंग आधी सगळंच्या सगळं त्याच्या जमा बाजूला नेतात आणि जेवढं कमावलं गेलं नाही तेवढं नावे बाजूने काढून टाकतात. आपल्या उदाहरणात सुरुवातीच्या साठ्यातलं 10,000 आणि पाठवलेल्या मालावरचं 80,000, असे 90,000 जमा होतात. त्यातून कोल्हापूरला परत आलेल्या मालावरचे 2,000, हरवलेल्या मालावरचे 1,000 आणि कपाटात उरलेल्या मालावरचे 14,000 वजा करायचे. उरतात 73,000. हा शाखेचा ढोबळ नफा. यातून पुढे तुटीचे मूळ किमतीतले 4,000, बुडीत उधारी, सूट आणि खर्च वजा केले की निव्वळ नफा मिळतो.

वह्या तपासायला बसल्यावर 73,000 हा आकडा मी आणखी एका वाटेने काढून पाहतो. गिऱ्हाइकांनी परत केलेला माल वजा जाता विक्री 3,65,000 ची झाली. त्याचा पाचवा हिस्सा 73,000. साठा, तूट, कोल्हापूरला परत गेलेला माल यांतल्या कशालाही हात न लावता तोच आकडा आला पाहिजे, कारण नफा फक्त विकलेल्या मालावर होतो आणि विकलेल्या प्रत्येक रुपयात वीस पैसे नफा आहे.

या पडताळणीची खरी किंमत एक चूक करून पाहिल्यावर कळते. गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या 5,000 च्या साड्या शाखेच्या कारकुनाने ऋणको खात्यात जमा केल्या, गिऱ्हाइकाची उधारी कमी झाली, पण साठा खात्याच्या नावे लिहायच्या राहून गेल्या असं समजा. ही चूक फार सहज होते, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि त्याला आपली उधारी कमी झालेली बघायची असते. साडी मात्र मुकाट्याने कपाटात जाते. आता साठा खात्याच्या नावे बाजूला 4,50,000 आणि जमा बाजूला 3,80,000. शिल्लक 70,000. कपाटात मोजले तेही 70,000. आकडे तंतोतंत जुळले, सगळे खूश होऊन घरी गेले, आणि 5,000 च्या साड्यांची चोरी एका न लिहिलेल्या नोंदीखाली गडप झाली.

पण तुटीची नोंदच नसल्यामुळे समायोजन खात्यात तिच्यावरचे 1,000 वजा होत नाहीत. ढोबळ नफा 74,000 येतो, आणि विक्रीवरून काढलेला नफा 73,000 च राहतो. हजाराचा फरक पाचने गुणला की 5,000 मिळतात, म्हणजे कुठल्या रकमेची नोंद शोधायची तेसुद्धा कळतं. तिथून परताव्याच्या चिठ्ठ्या साठा खात्याशी लावून पाहायच्या.

या पडताळणीला एक मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. सगळा माल बीजकाच्याच किमतीने विकला गेला तरच ती चालते. सांगलीच्या व्यवस्थापकाला लग्नसराईत चढ्या भावाने विकायची मुभा असेल, तर हजाराची साडी 1,100 ला जाते आणि साठा खात्यात जादा 100 जमा होतात. हे 100 नफ्याचे आहेत, पण त्या खात्यात त्यांना स्वतःची ओळख नसते. वर्षभरात असे 7,000 जास्त आले आणि 12,000 च्या साड्या हरवल्या, तरी खातं 5,000 चीच तूट दाखवेल. उलट मंदीत कमी भावाने विकलं, तर एकही साडी न हरवता तूट दिसेल आणि बिचाऱ्या शाखेवर संशय जाईल. म्हणून भाव बदलायची सवलत द्यायची असेल, तर बिलावर बीजक किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत दोन्ही लिहून फरक वेगळा काढावा लागतो, आणि 31 मार्चला रुपयांबरोबर नगही मोजावे लागतात. चारशे साड्या आल्या, तीनशे साठ गेल्या, तर चाळीस दिसल्याच पाहिजेत. नगांच्या मोजणीला भावाचा चढउतार लागत नाही.

आता साठ्यातल्या लोडिंगची तरतूद कुणी केलीच नाही तर काय होतं ते पाहू. सांगलीत सुरुवातीला 10,000 आणि शेवटी 14,000 लोडिंग होतं. दोन्ही टोकांना तरतूद विसरली तर या वर्षाचा नफा 14,000 ने नव्हे, फक्त 4,000 ने फुगतो, कारण गेल्या वर्षी फुगलेले 10,000 या वर्षी सुरुवातीच्या साठ्यातून परत कापले जातात. साठा दरवर्षी सारखाच राहिला तर नफ्यात काहीच फरक दिसत नाही, आणि चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. ताळेबंदातला साठा मात्र दरवर्षी फुगलेलाच असतो.

ती उघडी पडते ती साठा अचानक वाढलेल्या वर्षी. आपलं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि लग्नसराईचा मोठा भाग एप्रिल-मेमध्ये येतो. त्या तयारीने कोल्हापूरने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणखी 2,00,000 चा माल सांगलीला पाठवला, तर त्यात 40,000 लोडिंग असतं. तरतूद नसेल तर एकही साडी न विकता शाखेचा नफा 40,000 ने वाढलेला दिसतो. नफ्यावर बक्षीस ठरलेलं असेल तर ते या 40,000 वर दिलं जातं, आणि भागीदार न आलेल्या पैशांची उचल करतात. तरतूद केलेली असेल, तर हेच 40,000 साठा राखीव निधीत, म्हणजे न विकलेल्या मालावरचं लोडिंग बाजूला ठेवायच्या खात्यात थांबतात, 1 एप्रिलला समायोजन खात्याच्या जमा बाजूला येतात आणि मे महिन्यात साडी खरोखर विकली गेली की त्या वर्षाच्या नफ्यात मोजले जातात.